अंतर्गत चौकशी: साक्षीदाराला बोलावण्याचे पत्र आणि जबाबाचा नमुना

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समिती करते. या चौकशीत साक्षीदाराचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे "माझे नाव बाहेर जाईल का?" याचे नेमके उत्तर बोलावण्याच्या पत्रातच दिलेले असावे. समजा, जालन्यातील एका बियाणे प्रक्रिया कारखान्यात वजनकाट्यावर काम करणाऱ्या कारकुनाला समितीने बोलावले आहे.

साक्षीदार होण्यासाठी पद, शिक्षण किंवा कायम नोकरी अशी कोणतीही अट नाही. तक्रारदार किंवा प्रतिवादी ज्यांची नावे देतात ते, आणि ज्यांच्याजवळ उपयुक्त माहिती असावी असे समितीला वाटते ते, अशा दोघांनाही बोलावता येते. त्यामुळे कंत्राटी हमालालाही बोलावता येते. समितीला साक्षीदारास हजर करण्याचे आणि शपथेवर तपासण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कलम ११ ने दिलेले आहेत. तरीही पहिले पत्र साध्या विनंतीच्या भाषेत असणेच योग्य, कारण धमकावून आणलेला माणूस मोकळेपणाने बोलत नाही.

पत्राचा मजकूर असा ठेवता येईल:

"आपणास दि. ____ रोजी सकाळी ११ वाजता ____ येथे अंतर्गत समितीसमोर साक्षीदार म्हणून उपस्थित राहण्याची विनंती आहे. आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. समिती अद्याप कोणत्याही निष्कर्षावर आलेली नाही. आपण स्वतः पाहिलेल्या व ऐकलेल्या घटनांविषयी विचारणा केली जाईल. ओळखपत्र व दि. ____ चे काटा रजिस्टर सोबत आणावे. हा वेळ कामाचा वेळ धरला जाईल."

या पत्रात तक्रारदाराचे किंवा प्रतिवादीचे नाव नसते, "आरोपी" आणि "पीडित" हे शब्दही नसतात. वरच्या नमुन्यातील शेवटचे वाक्य व्यवस्थापनाशी आधी बोलूनच लिहावे. साक्षीदार हजर राहावेत यासाठी साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे कलम १९ सांगते. पत्र बंद पाकिटात, समितीच्या सदस्याने स्वतः हातात द्यावे. ते शिफ्टच्या पर्यवेक्षकामार्फत पाठवले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गोदामाला कळते, आणि तो पर्यवेक्षक प्रतिवादीच्या हाताखालचा असेल तर साक्ष सुरू होण्याआधीच दबाव येतो.

गोपनीयतेचे कलम मात्र फार जपून लिहावे लागते. "आपले नाव कोणालाही कळणार नाही" असे आश्वासन समितीने कधीही देऊ नये, कारण प्रतिवादीला त्याच्याविरुद्धच्या साक्षीचे उत्तर देण्याची संधी द्यावी लागते, आणि त्यासाठी जबाब त्याच्यापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही पक्षांना समोरासमोर न आणता प्रश्न समितीमार्फत लेखी विचारण्याची पद्धत यासाठीच उपयोगी पडते. कलम १६ मनाई करते ती तक्रार, चौकशी आणि तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख जनतेत किंवा माध्यमांत उघड करण्याला. म्हणून पत्रात असे लिहावे: "आपला जबाब चौकशीच्या कामापुरता वापरला जाईल व आवश्यक तेथे दोन्ही पक्षांना दाखवला जाईल, तो सार्वजनिक केला जाणार नाही. आपणही या विषयाची चर्चा सहकाऱ्यांशी करू नये." चौकशीचे काम सोपवलेल्या व्यक्तीने गोपनीयता मोडल्यास सेवा नियमांनुसार दंड होतो, आणि तसे नियम नसतील तर ५,००० रुपये वसूल केले जातात.

जबाबाच्या वरच्या भागात साक्षीदाराचे नाव, काम, किती वर्षे नोकरीत आहे, दोन्ही पक्षांशी नाते किंवा वाद आहे का, तारीख, सुरुवातीची वेळ आणि हजर सदस्यांची नावे येतात. चौकशीच्या वेळी अध्यक्षांसह किमान ३ सदस्य हजर असणे बंधनकारक आहे, ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. पुढे मजकूर प्रथमपुरुषी लिहावा. आपल्या कारकुनाने सांगितले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर". त्याऐवजी लेखनिकाने कॅलेंडर पाहून नुसती तारीख लिहिली, तर ती तारीख साक्षीदाराची राहत नाही. त्याचे शब्द तसेच ठेवावेत आणि काटा रजिस्टरवरून जुळवलेली तारीख वेगळी नोंदवावी.

त्याने पुढे सांगितले, "बाई रडत ऑफिसातून बाहेर आल्या, साहेबांनी त्यांचा हात धरला होता." यावर "हात धरताना आपण स्वतः पाहिले का?" हा प्रश्न उत्तरासह नोंदवावा. रडताना पाहिले, पण हात धरल्याचे नंतर एका हमालाकडून कळले, असे तो म्हणाला, तर जबाबात दोन वाक्ये वेगवेगळी येतील आणि दुसऱ्यासाठी त्या हमालाला बोलवावे लागेल. "साहेब तसलेच आहेत" हे मत आहे. ते कशावरून बनले ते विचारून घडलेली गोष्ट मिळाली तर ती लिहावी.

शेवटी जबाब त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, दुरुस्ती खोडून त्याशेजारी त्याची सही घ्यावी, प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा घ्यावा आणि संपल्याची वेळ टाकावी. सही करायला नकार दिला, तर त्याने सांगितलेले कारण लिहून हजर सदस्यांनी सह्या कराव्यात आणि तो कागद तसाच नस्तीत ठेवावा.