कपडे बदलायचे, माणूस नाही: ०.७५ या आकड्याची पार्श्वभूमी

फोटोतल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट बदलायचा, पण चेहरा, हात, खांद्यांची ठेवण यांना धक्का लावायचा नाही. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलवर हे करून पाहणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी Denoising strength या पट्टीपाशी येऊन अडतो. पट्टी उघडते तेव्हा ०.७५ वर असते. कमी केली तर शर्ट बदलत नाही, वाढवली तर माणूस बदलतो. या दोन्हींच्या मधला कुठला तरी एक आकडा बरोबर असणार, असं वाटत राहतं. मीही तो बरेच दिवस शोधला. तो का सापडत नाही, हे ही पट्टी आली कुठून ते पाहिल्यावरच कळतं, कारण ती कपड्यांसाठी बनलेलीच नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये चेनलिन मेंग आणि सहकाऱ्यांनी एसडीएडिट नावाची पद्धत मांडली. संशोधक मुख्यतः स्टॅनफर्डचे. कल्पना साधी होती. माणसाने ब्रशने ओबडधोबड रंगांचे फटकारे मारावेत, वर निळं, खाली हिरवं, मध्ये तपकिरी. त्या चित्रावर ठराविक प्रमाणात नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांचा थर, चढवायचा. मग डिफ्यूजन मॉडेलने तो पायरीपायरीने उतरवायचा. नॉइज उतरताना मॉडेल फटकाऱ्यांच्या जागी खरे वाटणारे तपशील भरतं. नॉइज किती चढवायचा, एवढाच निर्णय माणसाच्या हातात. थोडा चढवला तर चित्र मूळ फटकाऱ्यांशी प्रामाणिक राहतं पण खरं दिसत नाही. खूप चढवला तर खरं दिसतं, पण मूळचं हरवतं. त्यांच्या प्रयोगांत चांगला पट्टा ०.३ ते ०.६ च्या दरम्यान होता. ही तडजोड पूर्ण चित्रासाठी होती. चित्राचा एक भाग बदलावा आणि दुसरा तसाच राहावा, ही मागणी एका आकड्याकडे मुळातच करता येत नाही.

२२ ऑगस्ट २०२२ रोजी स्टेबल डिफ्यूजन सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यासोबत हीच पद्धत img2img.py या छोट्या स्क्रिप्टमधून आली. त्यात --strength हा पर्याय होता आणि त्याची ठरलेली किंमत ०.७५. आज आपण सरकवतो त्या पट्टीवरचा आकडा त्याच वळणाचा आहे. आतलं गणित एका ओळीचं आहे:

```python
t_enc = int(opt.strength * opt.ddim_steps)
```

म्हणजे ५० पायऱ्या आणि ०.६ स्ट्रेंथ असेल तर चित्र ३० पायऱ्यांइतकं नॉइजमध्ये बुडवायचं आणि तिथून वर काढायचं. स्क्रिप्टच्या मदत-मजकुरात लिहिलं होतं की १.० म्हणजे मूळ चित्रातली माहिती पूर्ण नष्ट. हे वाक्य नीटसं खरं नाही, आणि कपड्यांच्या कामात नेमका तोच फरक नडतो.

स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या पिढीत नॉइज कोणत्या वेगाने चढतो याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. त्यावरून हिशेब केला तर ०.४ ला मूळ चित्राचा अंश साधारण ६५ टक्के ताकदीने उरतो, ०.७५ ला साधारण २४ टक्के आणि शेवटच्या पायरीवरही जवळजवळ ७ टक्के. २०२३ मध्ये शानचुआन लिन आणि सहकाऱ्यांनी वेळापत्रकातला हा दोष दाखवून दिला. उरतं काय, हेही महत्त्वाचं. नॉइज प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पडतो, त्यामुळे मोठ्या भागाची सरासरी काढली की तो एकमेकांना खोडतो. बारीक विणकाम, बटणं, टाके नॉइजखाली लगेच बुडतात. मोठ्या भागाचा एकूण रंग आणि उजेड-सावली शेवटपर्यंत वर डोकावत राहते. म्हणून काळ्या शर्टाचा पांढरा शर्ट करणं हे चौकटीच्या शर्टाचा रेघांचा शर्ट करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, जरी माणसाच्या डोळ्याला दोन्ही बदल सारखेच वाटले तरी.

माणसाला वाचवण्याची वाट वेगळ्या बाजूने आली. ओम्री अव्राहामी, दानी लिशिन्स्की आणि ओहाद फ्राइड यांनी २०२१ च्या अखेरीस ब्लेंडेड डिफ्यूजन मांडलं, आणि पाठोपाठ जानेवारी २०२२ मध्ये रीपेंट आलं. दोन्हींचा गाभा असा की बदलायच्या भागावर मास्क काढायचा आणि नॉइज उतरवण्याच्या प्रत्येक पायरीवर मास्कबाहेरचा भाग मूळ फोटोतून, तेवढाच नॉइज चढवून, परत चिकटवायचा. इथून पुढे जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या. माणूस कुठे सुरू होतो ते मास्क सांगतो. स्ट्रेंथ फक्त मास्कच्या आतल्या जुन्या कपड्याचं किती ठेवायचं ते सांगते. चेहरा बिघडतो म्हणून स्ट्रेंथ कमी करणारे आजही दिसतात. तिथे दुरुस्त करायचा असतो तो मास्क.

तरीही ०.७५ च्या वर जाताना त्या काळी भीती वाटायची आणि ती रास्त होती. साध्या मॉडेलला मास्कबाहेरचा भाग दिसतो तोही नॉइजमध्ये बुडालेला. अंगाचा बांधा, मान कुठे, बाही कुठे, हे सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरतं, आणि तेव्हा आजूबाजूचं काहीच स्पष्ट नसतं. मग कॉलर मानेपासून सुटून बसायची, खांदा एका बाजूला वाढायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये रनवे या कंपनीने इनपेंटिंगचं, म्हणजे मास्कच्या आतला भाग नव्याने भरण्याचं, खास मॉडेल दिलं. साध्या मॉडेलला चार थरांचं इनपुट जातं, याला नऊ. जास्तीच्या पाचांत एक थर मास्कचा आणि चार थर झाकलेल्या भागाशिवायच्या स्वच्छ फोटोचे. पहिल्या पायरीपासून मान आणि मनगट स्वच्छ दिसत असल्यामुळे ते १.० वरही कपडा नीट जोडू शकतं. कपड्यांच्या कामासाठी मला हा टप्पा सगळ्यात मोठा वाटतो. त्यानंतर उंच आकडा म्हणजे धोका, हे समीकरण राहिलं नाही.

आता एक उदाहरण तपशिलात सांगतो. फोटो माझाच होता, ५१२ × ७६८ आकाराचा. अंगात गडद निळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंफलेले. हवा होता मोहरीच्या पिवळ्या रंगाचा सुती कुर्ता, बाह्या तेवढ्याच. मास्कमध्ये फक्त शर्ट घेतला. बोटं आणि मनगट बाहेर ठेवले आणि शर्ट संपतो तिथून मास्क मांड्यांपर्यंत खाली नेला, कारण कुर्ता लांब असतो आणि मास्कच्या बाहेर कापड उगवू शकत नाही. Masked content मध्ये original, म्हणजे मास्कच्या आत सुरुवात जुन्या शर्टापासूनच, आणि पायऱ्या ३०.

०.४ वर निळा शर्टच राहिला, घड्या किंचित हलल्या. ०.६ वर निळा आणि पिवळा भांडून मळकट हिरवट कापड आलं. ०.७५ वर पिवळा आला, पण बटणांची उभी पट्टी आणि शर्टाची कॉलर जुन्या सावल्यांतून परत उगवली. ०.९ वर खरा कुर्ता मिळाला, मात्र पोटाचा घेर कमी झाला आणि डावा खांदा वर चढला. हा शेवटचा बिघाड चटकन लक्षात येत नाही. चेहरा तोच, हात तेच, म्हणून माणूस तोच वाटतो. पण कापडाखालची अंगलट मास्कच्या आत असते आणि ती फक्त जुन्या घड्यांमधूनच कळत असते. घड्या पुसल्या की मॉडेल आपल्या मनाची अंगलट देतं.

उपाय शेवटी एसडीएडिटच्या मूळ कल्पनेतच मिळाला. ती पद्धत ओबडधोबड रंगांपासून सुरू होत होती. मीही मॉडेलकडे जाण्याआधी फोटो एडिटरमध्ये शर्टाचा निळा रंग पिवळ्यात फिरवला, उजळ केला आणि घड्या तशाच ठेवल्या. कॉलर आणि बटणपट्टीवर त्याच पिवळ्याचा ब्रश फिरवला, खाली मांड्यांवरही सपाट पिवळा भरला. मोठ्या भागाचा रंग आधीच बरोबर असल्यामुळे स्ट्रेंथला तो पुसण्याचं काम उरलं नाही. ०.५५ वर कुर्ता आला, सुती पोत आला, आणि पोटाचा घेर व खांदे जागेवर राहिले. फोटोला हात न लावता ०.९ वरच काम करायचं असेल, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या जोड-मॉडेलने मूळ फोटोतला कोणता भाग किती जवळ, किती दूर हे सांगणारा नकाशा जोडीला देता येतो. तो अंगलट धरून ठेवतो. पण जुन्या शर्टाचा फुगवटाही तितकाच धरून ठेवतो, त्यामुळे घोळदार कपड्याला उपयोगी नाही.

बाह्या आखूड करायच्या असतील तर मात्र कोणताच आकडा कामी येत नाही. शर्टाखालचा हात फोटोत नाहीच. मॉडेल जो दाखवेल तो कल्पनेतला हात असेल, त्या माणसाचा नाही. म्हणून झाकलेलं अंग उघडं करणारा कोणताही बदल हा कपड्याचा बदल नसतो, आणि दुसऱ्याच्या फोटोवर तो त्याच्या परवानगीवाचून करूच नये.

पट्टीच्या इतिहासात पुढे आणखी एक वळण आहे. फ्राइड यांनीच एरन लेविनसोबत २०२३ मध्ये डिफरन्शियल डिफ्यूजन मांडलं. त्यात एका आकड्याऐवजी करड्या छटांचा नकाशा द्यायचा आणि प्रत्येक जागेला तिची स्वतंत्र स्ट्रेंथ मिळते. मानेजवळच्या कडेला कमी, छातीवर जास्त. मास्कची कड कापल्यासारखी दिसण्याचा त्रास यामुळे बराच कमी झाला. स्टेबल डिफ्यूजन चालवण्याच्या कम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये याच नावाचा नोड आहे.

मे २०२५ मधल्या फ्लक्स कॉन्टेक्स्टसारख्या मॉडेलांत पट्टीच नाही. फोटो द्यायचा, काय बदलायचं ते वाक्यात लिहायचं. मूळ फोटो मॉडेलला संदर्भ म्हणून शेजारी दिसत असतो, आणि नवं चित्र कोऱ्या नॉइजपासून तयार होतं. गडद निळ्याचा पिवळा करणं तिथे सहज जमतं, कारण जुना रंग खालून डोकावत नाही. पण मास्कबाहेरचं परत चिकटवणंही नाही, त्यामुळे चेहऱ्यासकट पूर्ण फोटो नव्याने रेखलेला असतो.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी तपासणी एकच आहे. मूळ आणि नवा फोटो पीएनजीमध्ये, एकाच आकारात ठेवायचे आणि इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने एकातून दुसरा वजा करायचा:

```
magick original.png result.png -compose difference -composite diff.png
```

मास्कबाहेर diff.png पूर्ण काळं हवं, कडेला फक्त Mask blur इतकी धूसर पट्टी चालते. चेहऱ्याच्या जागी फिकट रेषा उमटली, तर चेहरा एन्कोडरमधून जाऊन परत आलेला आहे. स्टेबल डिफ्यूजनचा एन्कोडर ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनाला लेटंटमधला, म्हणजे मॉडेलच्या आतल्या लहान केलेल्या चित्रातला, एक ठिपका करून साठवतो, त्यामुळे मॉडेलने त्या भागाला हात लावला नसला तरी पापण्या आणि बारीक केस थोडे पुसट होतात. अशा वेळी मूळ फोटो वरच्या थरावर ठेवायचा आणि त्यातून फक्त कपड्याचा भाग कापून काढायचा. माझ्या पिवळ्या कुर्त्याच्या फोटोत उजव्या करंगळीच्या कडेला तीन-चार पिक्सेल उजळ दिसले. मास्क तिथे बोटावर चढला होता. तो मागे घेतला आणि ०.५५ तसाच ठेवून फोटो परत काढला.