रिक्षामागच्या जाहिरातीतले शब्द का वाढले?

बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि रिक्षा रस्त्यावर वाढत गेल्या. हूडच्या काळ्या रेक्झिनवर मागच्या बाजूला पेंटर ऑइल पेंटने लिहायचा. पिवळं किंवा पांढरं अक्षर, एकेक हाताने काढलेलं. प्रत्येक अक्षराला वेळ लागे, त्यामुळे मजकूर आपोआप आटोपशीर राही. ‘आईचा आशीर्वाद’ लांबूनही वाचता यायचं ते त्यामुळेच.

२००० नंतर फ्लेक्स आणि व्हिनाइलने हा हिशेब उलटवला. छपाईचा दर चौरस फुटावर, म्हणजे पाच शब्दांना जेवढे पैसे तेवढेच पन्नास शब्दांना. मग गिऱ्हाईक पत्ता, शाखा, दोन मोबाइल नंबर आणि मालकाचा फोटोही घालू लागलं. डीटीपीवाला ते हातभर अंतरावरच्या स्क्रीनवर पाहतो, तिथे सगळं छानच दिसतं.

रस्त्यावर मात्र मागची गाडी दहा मीटरवर असते. दहा फुटांना एक इंच अक्षर, हा फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा. त्यानुसार दहा मीटरला साधारण आठ सेंटिमीटर उंची लागते. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी आणि उकार यांची जागा वेगळी. इथेच बहुतेक जण फसतात, कारण फाँटचा आकडा ही सगळी जागा धरून असतो.

समजा, पॅनेल ९० सेंटिमीटर रुंद, ४५ उंच आहे आणि गिऱ्हाइकाचा मजकूर आहे ‘सर्व प्रकारच्या शिलाई मशीनची दुरुस्ती घरी येऊन खात्रीशीर केली जाईल’. कडा सोडून ८० सेंटिमीटर उरतात. एका अक्षराला सात धरले तर ओळीत अकरा अक्षरं मावतात. म्हणून वर ‘शिलाई मशीन’, खाली ‘घरपोच दुरुस्ती’. वरच्या ओळीत एकही उकार नाही, त्यामुळे खालच्या वेलांटीला मोकळी जागा मिळते. ओळी उलट लावल्या तर ‘दु’चा उकार खालच्या वेलांट्यांना भिडतो. ‘खात्रीशीर’ गेलं तर जाऊ द्या. बिनखात्रीची दुरुस्ती करतो असं कोण लिहितं?

तिसऱ्या ओळीत नंबर. सहा आकड्यांचा लँडलाइन नंबर वाचता वाचता पाठ व्हायचा, मोबाइलचे दहा होत नाहीत. म्हणून नंबर एकच द्यावा, पाच-पाचच्या दोन गटांत. सिग्नलला मागे बसलेला त्याचा फोटो काढू शकतो. आकडे इंग्रजी बरे, कारण लांबून १ आणि ९ सारखेच दिसतात. काळ्यावर पिवळं अजूनही सगळ्यात आधी दिसतं. लालावर निळा नंबर मात्र संध्याकाळी दिसेनासा होतो.

छापण्याआधी डिझाइन ३० सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर काढा, म्हणजे एक तृतीयांश आकारात. भिंतीला चिकटवून सव्वातीन मीटर मागे जा आणि मजकूर माहीत नसलेल्या कोणाला तरी फक्त दोन सेकंद दाखवा. जे शब्द तो परत सांगेल, तेवढेच ठेवा.