लंडनचा निवाडा, धारवाडचं कोर्ट : परदेशी निवाडा नाकारण्याच्या कारणांची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या माणसाला कास्टिंगमधला ब्लोहोल लांबून दिसतो, पण खरेदीदाराच्या पर्चेस ऑर्डरची मागची बाजू तो क्वचितच वाचतो. तिथे बारीक करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की वाद झाल्यास निर्णय लंडनमध्ये लवादाकडून होईल. ऑर्डर आली, ॲडव्हान्स जमा झाला, भट्टी पेटली, की तो कागद फाइलमध्ये जातो. पुढे वाद झाला आणि लंडनहून निवाडा आला, तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "लंडनचा कागद बेळगावात काय करणार?"

बरंच काही करतो. याचं कारण 10 जून 1958 रोजी न्यूयॉर्कला परदेशी निवाडे लागू करण्याबद्दल झालेला आंतरराष्ट्रीय करार. भारताने त्याच दिवशी त्यावर सही केली आणि 1960 मध्ये त्याला मान्यता दिली. आज त्याची कलमं 1996 च्या लवाद व सामंजस्य कायद्याच्या दुसऱ्या भागात आहेत, आणि निवाडा नाकारण्याची कारणं कलम 48 मध्ये.

त्याआधी चित्र वेगळं होतं. 1927 च्या जिनिव्हा कराराखाली (आपल्याकडे त्यासाठी 1937 चा कायदा होता) निवाडा जिंकलेल्या माणसालाच सिद्ध करावं लागे, की तो निवाडा जिथे झाला त्या देशात अंतिम झाला आहे. व्यवहारात त्यासाठी आधी त्या देशाच्या कोर्टाचा शिक्का घ्यायचा आणि मग पैसे जिथे आहेत त्या देशाच्या कोर्टाचा. म्हणजे एकाच निवाड्यासाठी दोनदा शिक्कामोर्तब. 1958 च्या परिषदेत डच प्रतिनिधी पीटर सँडर्स यांनी मांडलेल्या मसुद्याने हे उलटं केलं. जिंकलेल्याने निवाडा आणि लवादाचा करार दाखवला, की त्याचं काम बहुतांशी संपलं. निवाडा का लागू करू नये, हे हरलेल्याने सिद्ध करायचं, आणि तेही मोजक्या कारणांवर. ही कारणं न्यूयॉर्क कराराच्या पाचव्या कलमात आहेत आणि यादी तिथेच संपते. निवाडा चुकीचा आहे, हे कारण त्या यादीत नाही.

यादीतली पाच कारणं हरलेल्या पक्षाने मांडून सिद्ध करायची आहेत : करार करणारा अपात्र होता किंवा करारच अवैध होता, नीट नोटीस मिळाली नाही किंवा बाजू मांडता आली नाही, लवादाने न सोपवलेला विषय ठरवला, लवाद मंडळ ठरल्याप्रमाणे नेमलं गेलं नाही, किंवा निवाडा अजून बंधनकारक नाही अथवा मूळ ठिकाणी रद्द झाला आहे. उरलेली दोन कारणं कोर्ट स्वतःहूनही पाहू शकतं. एक, हा विषय लवादाने सोडवण्याजोगा नाही. दुसरं, निवाडा लागू करणं आपल्या देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. भारतातली खरी लढाई या शेवटच्या कारणावर झाली, म्हणून इथे त्याचीच गोष्ट सांगतो.

अडचण शब्दांचीच होती. 'सार्वजनिक धोरण' म्हणजे काय, हे करारात कुठेच सांगितलेलं नाही. प्रत्येक देशाने आपापलं ठरवायचं. आपल्याकडे त्याचा पहिला मोठा अर्थ 7 ऑक्टोबर 1993 रोजी लागला. रेणुसागर पॉवर कंपनी आणि अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक यांच्यात 1964 मध्ये वीज केंद्राच्या यंत्रसामग्रीचा करार झाला होता. हप्ते आणि व्याज यांवरून वाद गेला पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे, आणि 1986 मध्ये निवाडा आला. रेणुसागरचं म्हणणं असं, की हे पैसे देणं परकीय चलनाच्या कायद्याविरुद्ध आहे आणि व्याजावर व्याज घेणं अन्यायाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही फेटाळलं आणि परदेशी निवाड्यासाठी तीनच कप्पे ठेवले : भारतीय कायद्याचं मूलभूत धोरण, भारताचं हित, आणि न्याय किंवा नीतिमत्ता. साधा कायदेभंग या कप्प्यांत बसत नाही. मात्र परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, पहिल्या कप्प्यात येतो, असंही न्यायालय म्हणालं. तो तुटला असता तर निवाडा अडला असता, पण या प्रकरणात तो तुटलेला नव्हता. फेराची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

दहा वर्षांनी, 2003 मध्ये, ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स प्रकरणात न्यायालयाने 'सार्वजनिक धोरणा'चा अर्थ बराच रुंद केला. निवाडा उघडउघड बेकायदेशीर असेल तर तोही धोरणाविरुद्ध, असं ठरलं. ते प्रकरण देशांतर्गत निवाडा रद्द करण्याचं, कलम 34 खालचं होतं. पण कलम 34 आणि कलम 48 दोन्हींत शब्द तेच असल्यामुळे रुंद अर्थ हळूहळू परदेशी निवाड्यांकडेही वाहत गेला. 2011 च्या फूलचंद एक्स्पोर्ट्स प्रकरणात न्यायालयाने तो स्पष्टपणे कलम 48 ला लावला. मग हरलेला प्रत्येक जण कोर्टात येऊन 'निवाड्यात कायद्याची चूक आहे' म्हणू लागला, आणि ज्या यादीत 'चूक' नव्हतीच, तिथे ती मागच्या दाराने शिरली. हे दार 2013 मध्ये श्री लाल महाल प्रकरणाने बंद केलं. वाद गव्हाच्या प्रतीचा होता. न्यायालय म्हणालं, कलम 48 साठी रेणुसागरचा अरुंद अर्थच चालेल. 2015 च्या दुरुस्तीने संसदेने ते कायद्यातच लिहिलं : फसवणूक किंवा भ्रष्टाचार, कायद्याचं मूलभूत धोरण, आणि नीती व न्यायाच्या अगदी मूळ कल्पना. 'भारताचं हित' गेलं. मूलभूत धोरण तपासताना वादाच्या गुणदोषांत जायचं नाही, हेही आलं.

इतकं स्पष्ट झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण 2020 साली दोन महिन्यांच्या अंतराने, तीन-तीन न्यायाधीशांच्या दोन खंडपीठांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

पहिला निकाल 13 फेब्रुवारीचा, विजय कारिया विरुद्ध प्रिस्मियन. लंडनच्या निवाड्याने भारतीय भागधारकांना आपले शेअर प्रिस्मियन या परदेशी कंपनीला ठरलेल्या दरापेक्षा दहा टक्के कमी भावाने विकायला सांगितले होते. आक्षेप असा, की परदेशी कंपनीला इतक्या कमी भावात शेअर देणं परकीय चलन व्यवस्थापन कायद्याविरुद्ध, म्हणजे फेमाविरुद्ध आहे. न्यायालय म्हणालं, फेरा गेला आणि फेमा आला. फेरा नियंत्रणाचा कायदा होता, फेमा व्यवस्थापनाचा आहे, आणि चूक झाली तर रिझर्व्ह बँकेकडून नंतरही मंजुरी घेता येते. जी चूक परवानगीने दुरुस्त होते, ती मूलभूत धोरणाचा भंग कशी होईल? आक्षेप फेटाळला आणि वर 50 लाख रुपयांचा खर्च बसला.

दुसरा निकाल 22 एप्रिलचा, नाफेड विरुद्ध अलिमेंटा. आमच्या भागात शेंगदाणा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून हे जरा तपशिलात सांगतो. 1980 मध्ये नाफेडने स्वित्झर्लंडच्या अलिमेंटा कंपनीला 5,000 टन शेंगदाणे विकायचा करार केला. सौराष्ट्रात वादळ झालं आणि फक्त 1,900 टनच जहाजावर चढले. उरलेला माल पुढच्या हंगामात देण्याची तजवीज पुरवणी कराराने झाली. पण एका हंगामाचा कोटा पुढच्या हंगामात न्यायला सरकारची परवानगी लागते. ती नाफेडकडे नव्हती, आणि सरकारनेही मनाई केली. मूळ करारात कलम होतं, की सरकारी मनाईने निर्यात थांबली तर तेवढा करार रद्द समजावा. तरी लंडनच्या तेलबिया व्यापार संघटनेच्या लवादाने 1989 मध्ये नाफेडने सुमारे 46 लाख 81 हजार डॉलर द्यावेत असा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो तीस वर्षांनंतर लागू करायला नकार दिला. भारतीय कायद्याने जी निर्यात करायला परवानगी नव्हती, ती न केल्याबद्दल भरपाई देणं भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असा निष्कर्ष होता.

निर्यातबंदीसमोर करार टिकत नाही, हा विचार मला समजतो. पण तो मनाईचा आदेश आणि ते रद्दचं कलम लवादासमोर होतं, आणि लवादाने वेगळा अर्थ लावला. मग सर्वोच्च न्यायालयाने केलं ते गुणदोष पुन्हा तपासणंच झालं, जे 2015 ची दुरुस्ती टाळू पाहते. शिवाय आदल्याच महिन्यांतल्या कारिया निकालाचा धागा तिथे सापडत नाही. आजही हरलेल्या बाजूचा वकील नाफेड समोर ठेवतो आणि जिंकलेल्या बाजूचा कारिया, आणि दोघांच्याही हातात तीन न्यायाधीशांचा निकाल असतो.

हे बेळगावात कुठे लागतं, ते एका काल्पनिक उदाहरणावर पाहू. उद्यमबागेतली एक फाउंड्री, इंग्लंडमधला पंपांचा खरेदीदार, 40 टन कास्टिंग, आणि आत छिद्रं निघाल्याची तक्रार. फाउंड्रीवाल्याने ईमेल पाहिले, पण 'लंडनला जाऊन कोण भांडणार' म्हणून उत्तर दिलं नाही. लवादाने एकतर्फी निवाडा दिला. 2015 पासून परदेशी निवाड्यासाठी जिल्हा न्यायालय नाही, उच्च न्यायालय लागतं. म्हणजे खरेदीदाराचा वकील बेळगावच्या कोर्टाच्या आवारात न येता थेट धारवाड खंडपीठात अर्ज देतो. (फाउंड्री चंदगडच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीत असती, तर तोच अर्ज मुंबई उच्च न्यायालयाकडे गेला असता. सीमेचा आमचा हिशेब असा सगळीकडे डोकावतो.)

आता फाउंड्रीवाल्याच्या हातात काय उरतं? छिद्रं दाखवणारा खरेदीदाराचा एक्स-रे रिपोर्ट खोटा होता, हे म्हणून फार चालत नाही, कारण तो गुणदोष आहे. 'मला बाजू मांडता आली नाही' हा मुद्दा चालू शकतो, पण नोटीस करारात ठरलेल्या पत्त्यावर आली असेल आणि गप्प राहणं हा त्याचा स्वतःचा निर्णय असेल, तर अवघड. करारात तीन लवाद नेमायचे ठरलं होतं आणि एकानेच निवाडा दिला, हा मात्र खरा आक्षेप ठरू शकतो. पण तो लवादासमोर वेळेत घेतला नाही तर कोर्ट विचारतं, तेव्हा का बोलला नाहीत? सार्वजनिक धोरणाचा मुद्दा त्याला नाफेडमधून उचलता येईल, पण इथे निर्यातबंदीसारखं काहीच नाही. निवाडा पूर्णच रद्द हवा असेल तर वाट लंडनच्या कोर्टात आहे, आणि तिथली मुदत निवाड्यापासून 28 दिवसांची. धारवाडला फक्त 'इथे लागू करू नका' म्हणता येतं.

आणखी एक बारकावा वकीलमंडळी उशिरा सांगतात. धारवाडने निवाडा लागू करायला नकार दिला, तर जिंकलेल्याला कलम 50 खाली अपील आहे. आक्षेप फेटाळला, तर हरलेल्याला या कायद्यात अपील नाही. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगीची वाट आहे, आणि त्या वाटेवर प्रिस्मियन प्रकरणात 50 लाखांचा खर्च बसला होता. म्हणून नंतरचा आक्षेप शोधण्याआधी लवादाचा पहिला ईमेल आल्यावर उत्तर लिहिलेलं बरं. आणि त्याच्याही आधी पर्चेस ऑर्डरची मागची बाजू वाचून लवादाचं ठिकाण लंडनऐवजी बेंगळूरु करता येतं का, हे खरेदीदाराला एकदा विचारून पाहावं.