दार उघडं, पण मशिनच्या लेखी बंद

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात शंभर टनी इंजेक्शन मोल्डिंग मशिनवर बाटल्यांची झाकणं निघत होती. मोल्डच्या दोन भागांत वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन शिरतं, थंड होतं, मोल्ड उघडतो आणि झाकण खाली पडतं. पण हे प्लास्टिक थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, त्यामुळे झाकण आतल्या गाभ्याला, म्हणजे कोअरला, घट्ट आवळून बसतं. त्या दिवशी दर थोड्या वेळाने एखादं झाकण अडकत होतं. अप्रेंटिस ओंकारला दर वेळी दार सरकवून हात आत घालावा लागे. शॉट वाया जाई आणि शिफ्टचा आकडा मागे पडे.

दाराच्या चौकटीवर एक लिमिट स्विच होता. दार बंद झालं की त्याचं रोलर दाबलं जाई आणि मशिनला कळे, की आता मोल्ड मिटवायला हरकत नाही. ओंकारने रोलर दाबून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि दार उघडंच ठेवलं. सेमी-ऑटोमध्ये प्रत्येक शॉट दार उघडून बंद केल्यावरच सुरू होतो. स्विच हलेनासा झाल्यावर मशिन थांबून राहिलं, म्हणून त्याने ते ऑटोवर टाकलं. आता झाकण पडलं की ठरावीक सेकंदांनी मोल्ड आपोआप मिटणार होता, समोर कुणी असो वा नसो.

आधीच्या शॉटचं एक झाकण अजून कोअरवर अडकलेलं होतं. ते ओढायला ओंकारने हात घातला आणि त्याच वेळी ती सेकंदं संपली. पंपाचा आवाज बदलला, मोल्ड पुढे सरकला आणि खाडकन थांबला. शेजारच्या मशिनवरचे काका धावले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

“हात हलव. बोटं मोज,” काका म्हणाले. सगळी जागेवर होती.

“काका, मी लगेच काढला असता हात.”

काकांनी पॅनेलवर मोल्ड मिटण्याचा वेग दाखवला: सेकंदाला तीनशे मिलिमीटर. उघड्या मोल्डमधली फट अडीचशेची. म्हणजे मिटायला एक सेकंदही नको. “डोळ्याला दिसून हात हलायलाच पाव सेकंद जातो. तेवढ्यात हा पंचाहत्तर मिलिमीटर पुढे आलेला असतो. तुझा हात तर कोअरच्या मागे होता, तो बाहेर यायचा कधी? आणि मिटल्यावर शंभर टन.”

मग मोल्ड थांबला कशाने? काकांनी वर बोट दाखवलं. मोल्डचा हलता भाग ज्या जाड पाटावर बसवतात तो प्लेटन, त्याला जोडलेला एक खाचांचा दांडा आणि त्याच्यावर लोखंडी अडसर. दार उघडलं की अडसर स्वतःच्या वजनाने खाचेत पडतो. तिथे ना वायर, ना टेप लावायला जागा. प्लेटन जेमतेम पंधरा मिलिमीटर सरकला आणि अडसरावर आपटला.

या प्रकारच्या मशिनवर दाराची खबर एकाहून अधिक वाटांनी पोचवतात, त्याचं कारण हेच. एकटा स्विच फसतो आणि त्याला फसवायला माणूसच लागतो असंही नाही. ‘दाबलं म्हणजे दार बंद’ अशा जोडणीत रोलर कचऱ्याने अडकलं किंवा आतले कॉन्टॅक्ट चिकटले, तरी मशिनला दार बंदच दिसतं. म्हणून दुसरा स्विच उलट्या पद्धतीने बसवतात: दार उघडताना दारावरचा उंचवटाच त्याला दाबतो आणि चिकटलेले कॉन्टॅक्टही जोराने विलग करतो. दोघांची साक्ष जुळली नाही, की मशिन थांबायला हवं. या जुन्या मशिनवर दुसरा स्विच नव्हता. माझ्या मते खरा दोष तिथेच होता, कारण टेपचं एक वेटोळं पुरेसं ठरेल असं मशिन अप्रेंटिसच्या हाती देणंच चूक आहे.

काकांनी टेप काढली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मोल्ड उतरवून त्यांनी कोअरवर बोट फिरवलं. कडेला एक बारीक ओरखडा होता, झाकण नेमकं तिथेच धरत होतं. पॉलिश केल्यावर झाकणं सुटून पडू लागली आणि दार पुन्हापुन्हा उघडायचं कारणच संपलं. दार उघडं असताना मशिन चालू न देणाऱ्या अशा कुलपांसंबंधीचं, म्हणजे इंटरलॉकसंबंधीचं, आयएसओ १४११९ हे मानकही मशिन बनवणाऱ्याला हेच विचारायला लावतं: हे कुलूप चुकवावंसं कामगाराला का वाटेल?

“अडसर होता म्हणजे वाचलोच असतो ना?” ओंकारने विचारलं.

काकांनी अडसराजवळचा नट दाखवला. या मशिनवर मोल्डची जाडी बदलली, की प्लेटन थांबायची जागा बदलते आणि अडसर नव्याने जुळवावा लागतो. जुळवला नाही, तर तो खाचेत न पडता दांड्यावरच टेकून राहतो आणि वरून बघणाऱ्याला पडल्यासारखाच दिसतो. सकाळी मोल्ड बदलल्यावर काकांनी तो जुळवला होता. जुळवल्यावर दार उघडून, अडसर खाचेत तळापर्यंत बसतो का, हे हाताने चाचपायचं असतं. त्याआधी मोटर बंद. त्यांनी मोटर बंद केली आणि ओंकारला ते करायला लावलं.