कूलर गुणगुणतो पण फिरत नाही? आधी बटण बंद करा, मग हे वाचा

(आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

मार्च संपत आला की आमच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, पंखा हुं हुं करते, पण फिरत नाही. मोटर भरून द्या." यातल्या बऱ्याच मोटरी भरायची गरजच नसते. कपॅसिटर बदलला की गिऱ्हाईक दहा मिनिटांत घरी जातं. पण "होईल थोड्या वेळानं सुरू" म्हणून ज्यांनी गुणगुणती मोटर तशीच चालू ठेवलेली असते, त्यांची मात्र खरोखर भरावी लागते.

असं का होतं, हे गर्दीत प्रत्येकाला सांगणं जमत नाही. आमच्याकडे एका शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम मुलांना मोटर आतून दाखवायला घेऊन येतात. त्यांनी सातवीच्या पोरांना जे सांगितलं, ते मोठ्यांनाही तितकंच उपयोगी आहे. म्हणून त्यांना विचारून इथे छापतो आहोत. अधेमधे आमचंही थोडं बोलणं आहे, ते ओळखू येईलच.

मॅडमनी टेबलावर कूलरची उघडलेली मोटर ठेवली. बाहेरच्या लोखंडी कड्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे, तो स्टेटर. मधे दांड्यावर बसवलेला लोखंडी गोळा, तो रोटर. "तारेतून करंट गेला की वेटोळं चुंबक बनतं, हे तुम्ही खिळ्याला तार गुंडाळून पाहिलं आहे," त्या म्हणाल्या. "आता रोटरला जाणारी वायर शोधून दाखवा."

पोरांनी गोळा उलटासुलटा करून पाहिला. वायर सापडली नाही, कारण नसतेच. रोटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ओतलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी जोडलेल्या असतात. स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की या पट्ट्यांमध्ये आपोआप करंट तयार होतो, त्यामुळे रोटरही चुंबक बनतो आणि स्टेटरच्या क्षेत्रामागे ओढला जातो. स्टेटरचं क्षेत्र गोल फिरत असेल, तर रोटर त्याच्यामागे गोल धावतो. छताच्या पंख्यात हेच उलटं असतं, आतला भाग स्थिर आणि बाहेरचं कवच फिरतं.

"क्षेत्र गोल फिरत असेल तर," मॅडम पुन्हा म्हणाल्या. सगळी गोम इथेच आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. एका वेटोळ्यात ती सोडली तर चुंबक वर-खाली, वर-खाली होत राहतो, गोल फिरत नाही. रोटर जागच्या जागी थरथरतो. तोच तो हुं हुं आवाज.

एका पोरानं विचारलं, "मग मॅडम, घरचा पंखा काऊन फिरते?"

मॅडमनी दाराशी उभ्या असलेल्या सायकलकडे बोट दाखवलं. पायडल बरोबर वर, उभं असताना त्याच्यावर सरळ खाली कितीही जोर दिला तरी चाक हलत नाही. त्याला जरा पुढे ढकलणारा आडवा जोर लागतो. मोटरमध्ये हा आडवा जोर देण्यासाठी पहिल्या वेटोळ्यांच्या मधल्या जागेत दुसरी वेटोळी बसवलेली असतात. पहिली रनिंग, दुसरी स्टार्टिंग. पण दोन्हींना एकाच क्षणी जोर आला तरी उपयोग नाही. दुसरीचा जोर थोडा आधी यायला हवा. हे काम कपॅसिटर करतो. विजेचं एक आवर्तन एका सेकंदाचा पन्नासावा भाग घेतं, आणि कपॅसिटर स्टार्टिंगचा करंट त्याच्या साधारण पाव भागाने पुढे आणतो. आधी आडवं वेटोळं जोर लावतं, मग उभं, मग पुन्हा आडवं उलट बाजूने. वर-खाली होणारा चुंबक असा गोल फिरू लागतो.

कपॅसिटर मेला की आडवा जोर गेला, उरली फक्त थरथर. गंमत म्हणजे असा पंखा हाताने ढकलून दिला तर चालू होतो, कारण एकदा फिरू लागलेला रोटर स्वतःच आडवा जोर तयार करतो. आणि ज्या दिशेने ढकलाल त्या दिशेने फिरतो, उलटासुद्धा. (हे पोरांना आम्ही जाळी काढलेल्या लहान मोटरवर, पातं न लावता दाखवलं. घरी चालू पंख्यात हात किंवा काठी घालून हा प्रयोग करू नये.)

आता आमच्या मुद्द्यावर येतो. न फिरणारी मोटर का जळते? फिरणारा रोटर क्षेत्राच्या जवळपास बरोबरीने धावतो, त्यामुळे त्याच्या पट्ट्यांमध्ये थोडाच करंट येतो. थांबलेल्या रोटरवरून मात्र क्षेत्र पूर्ण वेगाने जातं, पट्ट्यांत सगळ्यात जास्त करंट येतो आणि तो भागवायला स्टेटरही लाइनमधून जास्त ओढतो. एक एचपीच्या पाण्याच्या पंपाचंच बघा. चालताना तो पाच-सहा अँपिअर घेतो, अडकला तर पाचपट घेऊ शकतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाचपट करंटला पंचवीसपट उष्णता. सुरू होताना हा झटका क्षणभर असतो, म्हणून चालतो. अडकलेल्या मोटरमध्ये तो थांबतच नाही. कूलरच्या मोटरमध्ये वाढ इतकी नसते, पण तिला थंड ठेवणारी हवा तिच्याच पात्याची असते, आणि पातं तर थांबलेलं.

"मग एमसीबी का नाही पडला?" हे आम्हाला हमखास विचारतात. एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असतो. कूलरची मोटर चालताना एक अँपिअरच्या आसपास घेते, अडकल्यावर दोन घेतले तरी सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. तारेवरचं इनॅमल मात्र तापून काळं पडतं, शेजारच्या तारा एकमेकींना टेकतात, आणि जळका वास खोलीत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

मागच्या हंगामातलं एक उदाहरण. अठरा इंची कूलरची मोटर आली. कपॅसिटरवर ४ मायक्रोफॅरड छापलेलं होतं, मीटरवर जेमतेम १.१ आलं. कपॅसिटर असाच हळूहळू उतरतो. आदल्या उन्हाळ्यात पंखा सावकाश वेग घेत होता, हे त्या गृहस्थांनीच सांगितलं. पावसाळाभर गच्चीवर पडून बेअरिंगही थोडं जड झालं होतं. एप्रिलमध्ये बटण दाबलं, पंखा गुणगुणला. "हवा नाही तर नाही, ताट्या तर ओल्या होतील," म्हणून कूलर दुपारभर चालू राहिला. आत पाहिलं तर रनिंगची वेटोळी कोळसा झालेली. पहिल्या दहा सेकंदांत बटण बंद केलं असतं तर फक्त कपॅसिटर आणि थोडं ग्रीस लागलं असतं.

म्हणून एवढं करा. बटण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत पातं फिरलं नाही तर बंद करा आणि प्लग काढा. मग पातं हाताने फिरवून बघा. सैल फिरलं तर बहुतेक कपॅसिटर. जड किंवा खरखरतं असेल तर बेअरिंग किंवा बुश. आवाजच येत नसेल, थरथरही नसेल, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतच नाही किंवा वाइंडिंग तुटलेलं आहे, ते आमच्याकडे आणा. पाण्याचा पंप महिनोन्‌महिने बंद होता, तर चालू करण्याआधीच मागच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवून बघा. आतला इंपेलर गंजाने चिकटलेला असू शकतो. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर मोटरीचं राहू द्या, आधी ते करून घ्या.

आणि जास्त मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पंखा पळत नाही. वेगाची मर्यादा विजेच्या ५० आवर्तनांवर आणि वेटोळ्यांनी बनणाऱ्या चुंबकाच्या टोकांच्या, म्हणजे पोलच्या संख्येवर ठरते. सोळा पोलचा पंखा मिनिटाला ३७५ फेऱ्यांपलीकडे जाऊच शकत नाही. मोठा कपॅसिटर फक्त स्टार्टिंगचं वेटोळं तापवतो. मोटरवर जो आकडा आहे, तोच आम्ही लावतो.

पोरांनी मिक्सरचंही विचारलं, कारण त्याला असा कपॅसिटर दिसत नाही. मिक्सरच्या रोटरला खरंच वायर असते, आणि दोन कार्बन ब्रश घासत राहून तिला करंट देतात. वीज उलटली की स्टेटर आणि रोटर दोन्ही एकदम उलटतात, म्हणून जोर त्याच दिशेने राहतो. मिक्सरची तऱ्हा वेगळीच: ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात, आणि भांड्यात पातं अडकलं की खालचं लाल बटण बाहेर येतं. ते लगेच दाबू नका. आधी भांडं मोकळं करा, मोटर निवू द्या.

शेवटी गाडी. "अजनीच्या शेडमधलं इंजिन कपॅसिटर मेल्यावर ढकलतात का?" असं एकीने विचारलं, सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टची सिंगल फेज वीज असते. डब्ल्यूएपी-७ सारखं इंजिन ती ट्रान्सफॉर्मरने उतरवतं, डीसी करतं आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने तिची थ्री फेज बनवतं. तीन वेटोळ्यांना जोर एकामागोमाग येतो, म्हणून क्षेत्र जन्मतःच गोल फिरतं, आडव्या जोराची वेगळी सोय लागत नाही. आमच्याकडच्या रिकाम्या थ्री फेज स्टेटरमध्ये अगदी कमी व्होल्टेज देऊन एक स्टीलची गोळी सोडली, ती आतल्या भिंतीवरून गोल गोल धावू लागली. इंजिनात अशा सहा मोटरी असतात, प्रत्येक आसाला एक. आवर्तनं कमी-जास्त करून वेग बदलतात.

आता आमच्या कामाबद्दल, कारण "एवढे दिवस कशाला?" असंही विचारतात. जुनं वाइंडिंग काढताना आम्ही वेढे मोजतो, तारेचा गेज मोजतो आणि तेवढेच भरतो. तार तांब्याचीच वापरतो. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणजे तीच मोटर अधिक तापते. मग वार्निश पाजून भट्टीत वाळवतो. हे संध्याकाळी देऊन सकाळी नेण्यासारखं नाही, आणि मे महिन्यात तर नाहीच. कपॅसिटर आणि बेअरिंगची तपासणी मात्र समोर उभं राहून करून घ्या, मोटर भरायची गरज नसेल तर तसं सांगू.

बीएलडीसी पंख्यांना वरचं काहीही लागू नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

मोटर आणताना कपॅसिटर आणि रेग्युलेटर सोबत आणा, वायरी कापू नका. कोणत्या रंगाची वायर कुठे होती हे शोधण्यात आमचा अर्धा तास जातो. कूलर फेब्रुवारीत एकदा दाखवून गेलात तर गर्दी नसते. रविवारी दुकान बंद, फक्त एप्रिल आणि मे महिन्यात दुपारपर्यंत उघडं.