फोटोतलं काळ-कामाचं गणित: कोण कधी आला, कोण कधी गेला

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या क्लासमध्ये शंका सोडवायचं काम व्हॉट्सॲपवरच चालतं, तुम्ही गणिताचा फोटो टाकता आणि आम्ही वहीत सोडवून परत पाठवतो. पोलीस भरती, रेल्वे, बँक असं काहीही असो, काळ-कामाचं गणित त्यात येतंच, आणि "दोघं मिळून किती दिवसांत" एवढंच असेल तर बहुतेकांना जमतं. अडतं कुठे, तर माणसं वेगवेगळ्या दिवशी येतात आणि वेगवेगळ्या दिवशी निघून जातात तिथे. म्हणून या पत्रकात फक्त तसं एकच गणित घेतलंय, पण पूर्ण.

समजा फोटोत असं लिहिलंय: एक काम अ एकटा 20 दिवसांत, ब एकटा 30 दिवसांत आणि क एकटा 40 दिवसांत करतो. अ ने काम सुरू केले. 2 दिवसांनी ब आला. त्यानंतर 4 दिवसांनी क आला. अ ने एकूण 10 दिवस काम करून काम सोडले. ब ने काम पूर्ण होण्याच्या 3 दिवस आधी काम सोडले. तर काम एकूण किती दिवसांत पूर्ण झाले? पर्याय 12, 13, 14, 16.

आधी कामाला एक आकडा द्या. 20, 30, 40 यांचा लसावि 120, म्हणजे काम 120 युनिटचं धरायचं, मग अ रोज 6 युनिट करतो, ब रोज 4 आणि क रोज 3. अपूर्णांकांनी पण होतं, पण 1/20 अधिक 1/30 करत बसलात की डोकं त्या बेरजेत जातं आणि कोण कधी आला ते बाजूला राहतं, आणि या गणितात खरी गंमत तर तिथेच आहे.

पुष्कळ जण पहिल्या दिवसापासून तुकडे पाडत जातात, दोन दिवस अ एकटा, मग चार दिवस अ आणि ब, मग तिघं, आणि "3 दिवस आधी" हे शब्द आले की थांबतात, कारण शेवट कधी आहे तेच माहीत नाही तर त्याच्या तीन दिवस आधी कुठे जाऊन उभं राहायचं? म्हणून शेवटालाच नाव द्या. एकूण दिवस x धरा आणि दिवसांचे तुकडे न पाडता एकेका माणसाची हजेरी लिहा. अ च्या हजेरीला x लागतच नाही, त्याचे सरळ 10 दिवस. ब सुरुवातीचे 2 दिवस नव्हता आणि शेवटचे 3 दिवस नव्हता, म्हणून त्याचे x − 5. क आला ब नंतर 4 दिवसांनी, म्हणजे कामाचे 2 आणि 4 मिळून 6 दिवस होऊन गेले होते, आणि तो गेला असं कुठेच लिहिलेलं नाही तर तो शेवटपर्यंत होता, म्हणून x − 6. आता ज्याची जेवढी हजेरी तेवढं त्याचं काम:

```
6×10 + 4(x − 5) + 3(x − 6) = 120
60 + 7x − 38 = 120
7x = 98
x = 14
```

उत्तर 14 दिवस. पण इथे पेन ठेवू नका, उलटं तपासा, अर्धा मिनिट लागतो. पहिले 2 दिवस अ एकटा, 12 युनिट झाले. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी अ आणि ब, रोज 10, म्हणजे 40, एकूण 52. सातव्या ते दहाव्या दिवशी तिघं, रोज 13, परत 52, एकूण 104. अकराव्या दिवशी अ गेलेला, ब आणि क मिळून 7, एकूण 111. मग ब पण गेला आणि बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत क ने एकट्याने 9 केले. 111 आणि 9, बरोबर 120.

आता फोटोबद्दल. लोकलमध्ये उभ्याउभ्या काढलेला, कडा कापलेला, पान मधोमध वाकलेला असा फोटो येतो आणि त्यात एक आकडा चुकीचा वाचला गेला तरी गणित "सुटतं", फक्त उत्तर भलतंच येतं. इथे ब चा 3 अंधारात 8 सारखा दिसला तर त्याचे दिवस x − 10 होतात, 7x = 118 आणि x येतो 16 पूर्णांक 6/7. "त्यानंतर" हा शब्द पानाच्या घडीत गेला आणि क सुरुवातीपासून 4 दिवसांनी आला असं धरलं तर 7x = 92, x येतो 13 पूर्णांक 1/7. दोन्ही पर्यायांत नाहीत, तिथेच शंका यायला हवी, आणि घाईत 13 ला टिक करणारे असतातच, पेपर काढणाऱ्याने तो पर्याय काही उगीच ठेवलेला नसतो. अपूर्णांक आला म्हणजे चूकच असं मात्र नाही, काही पेपरांत उत्तर खरंच अपूर्णांकात असतं, म्हणून पर्याय नेहमी फोटोत येऊ द्या.

शब्दांचं अजून एक. "सातव्या दिवशी आला" म्हणजे आधी 6 दिवस गेले, आणि "7 दिवसांनी आला" म्हणजे 7 गेले आणि तो आठव्या दिवसापासून कामाला लागला, एका दिवसाचा फरक पडतो आणि उत्तर हलतं. "दहाव्या दिवशी काम सोडले" हे तर खरंच गोंधळाचं वाक्य आहे, त्या दिवशी काम करून गेला की सकाळीच गेला ते कळत नाही, अशा वेळी आम्ही दोन्ही धरून सोडवतो आणि जे पर्यायांत बसतं ते तुम्हाला कळवतो. प्रश्न टाइप करून पाठवायची गरज नाही पण "आधी", "नंतर", "पासून" हे शब्द झूम केल्यावर वाचता येतील एवढा फोटो हवा.

आणि x काढल्यावर तो गोष्टीत बसतो का ते बघा. अ ने 10 दिवस काम केलंय तर x दहापेक्षा कमी असूच शकत नाही, आणि ब किंवा क चे दिवस उणे आले तर वाक्य कुठेतरी चुकीचं वाचलंय.

याच गणिताला पुढे शेपूट लावतात, की या कामाचे 6,000 रुपये मिळाले तर प्रत्येकाला किती? दिवस आहेत 10, 9, 8, आणि बरेच जण त्याच प्रमाणात वाटतात. पैसे कामाचे असतात, दिवसांचे नाही. अ ने 60 युनिट केले, ब ने 9 दिवसांत 36, क ने 8 दिवसांत 24, हे प्रमाण 5 : 3 : 2, म्हणून अ ला 3,000, ब ला 1,800, क ला 1,200. "रोजंदारी सगळ्यांना सारखी" असं प्रश्नातच लिहिलं असेल तरच दिवसांवर वाटा.

गणित पाठवताना तुमचं कच्चं काम असलेल्या पानाचाही फोटो टाका, अर्धवट असलं तरी चालेल, नुसतं उत्तर लिहून देण्यापेक्षा तुमची हजेरी कुठल्या ओळीत चुकली ते त्यावरच खूण करून पाठवणं आम्हाला सोपं पडतं.