देखभालीच्या खर्चातला स्थिर भाग किती? न्यूनतम वर्ग पद्धतीने काढलेले उत्तर आणि त्याच्या मर्यादा

यंत्रांच्या देखभालीवर दर महिन्याला होणारा खर्च हिशेबाच्या वहीत एकाच आकड्याने नोंदला जातो, पण त्या आकड्यात दोन निराळ्या स्वभावांचे खर्च मिसळलेले असतात. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे मासिक वेतन किंवा ठरावीक तपासणीचे शुल्क यंत्र चालो वा न चालो, द्यावेच लागते. वंगण, गाळण्या आणि झिजणारे सुटे भाग यांवरचा खर्च मात्र यंत्र जितके तास चालेल तितका वाढतो. पहिल्याला स्थिर खर्च, दुसऱ्याला बदलता खर्च आणि दोन्ही ज्यात एकत्र आहेत त्याला मिश्र खर्च म्हणतात. पुढच्या महिन्यात यंत्र किती तास चालणार हे ठाऊक असले, तरी हे मिश्रण सुटे केल्याशिवाय त्या महिन्याचा खर्च किती येईल हे सांगता येत नाही.

प्रत्येक पावती तपासून ती स्थिर की बदलती हे ठरवणे हा एक मार्ग झाला. तो किचकट तर आहेच, शिवाय एकाच पावतीत दोन्ही भाग असले की तो अडतो. दुसरा मार्ग मागील महिन्यांच्या आकड्यांनाच प्रश्न विचारण्याचा आहे. पुढील उदाहरण मुद्दाम लहान आणि सोप्या आकड्यांचे घेतले आहे, म्हणजे गणित हातानेही पडताळून पाहता येईल. चलन कोणतेही धरावे.

| महिना | यंत्र-तास | देखभाल खर्च (हजार) |
|---|---|---|
| पहिला | ६०० | ४३ |
| दुसरा | ५०० | ४२ |
| तिसरा | ४०० | ३५ |
| चौथा | ७०० | ४७ |
| पाचवा | ८०० | ५५ |
| सहावा | ६०० | ४२ |

घाईत असलेला हिशेबनीस येथे उच्च-नीच पद्धत वापरतो. सर्वाधिक कामाचा महिना ८०० तासांचा आणि सर्वांत कमी कामाचा ४०० तासांचा; तासांतला फरक ४००, खर्चातला फरक २० हजार, म्हणून ताशी बदलता खर्च ५० आणि उरलेला १५ हजार हा स्थिर खर्च. हिशेब चुटकीसरशी होतो, पण उरलेल्या चार महिन्यांना त्यात काहीच स्थान नसते. या रेषेने त्या चार महिन्यांचे खर्च काढून पाहिले, तर दुसऱ्या महिन्यात ती २ हजारांनी कमी पडते आणि बाकीच्या तीन महिन्यांत अनुक्रमे २, ३ आणि ३ हजारांनी जास्त सांगते. सर्वाधिक कामाच्या महिन्यात खर्च एरवीपेक्षा थोडा चढा होता एवढ्यावरून सगळी रेषा तिरपी झाली आहे.

न्यूनतम वर्ग पद्धत सर्व महिन्यांना मत देते. एखादी रेषा आखली की प्रत्येक महिन्याचा प्रत्यक्ष खर्च आणि रेषेने सांगितलेला खर्च यांत काही अंतर उरते. या अंतरांना अवशेष म्हणतात. अवशेषांची नुसती बेरीज उपयोगाची नसते, कारण सरासरी तास आणि सरासरी खर्च यांच्या बिंदूतून जाणारी कोणतीही रेषा घेतली, अगदी आडवी रेषा घेतली, तरी ती बेरीज शून्यच येते. म्हणून प्रत्येक अवशेषाचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत लहान होईल ती निवडायची. धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या कामी फ्रेंच गणिती लजाँद्र यांनी ही पद्धत १८०५ मध्ये प्रसिद्ध केली; जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे सांगितले आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. खर्चाच्या वहीला ती तितकीच लागू पडते, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: थोडीफार चूक असलेल्या अनेक नोंदींतून एक नियम कसा काढावा.

रेषेचा चढ b, म्हणजे ताशी बदलता खर्च, पुढील सूत्राने मिळतो, आणि स्थिर खर्च a त्यानंतर आपोआप मिळतो; येथे x म्हणजे तास, y म्हणजे खर्च, अक्षरावरची आडवी रेघ म्हणजे सरासरी आणि Σ म्हणजे सर्व महिन्यांची बेरीज:

```
b = Σ(x − x̄)(y − ȳ) / Σ(x − x̄)²
a = ȳ − b·x̄
```

तास शेकड्यांत मोजू या. सरासरी ६ शेकडे तास आणि सरासरी खर्च ४४ हजार आहे. ६०० तासांचे दोन्ही महिने सरासरीवरच असल्याने चढ ठरवण्यात त्यांचा वाटा शून्य. उरलेल्या चार महिन्यांत सरासरीपासूनचे तासांचे अंतर आणि खर्चाचे अंतर यांचे गुणाकार दुसऱ्या महिन्यासाठी २, तिसऱ्यासाठी १८, चौथ्यासाठी ३ आणि पाचव्यासाठी २२ येतात; बेरीज ४५. तासांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०. म्हणून चढ ४.५, अर्थात दर १०० तासांना साडेचार हजार किंवा ताशी ४५. स्थिर खर्च ४४ मधून २७ वजा जाऊन १७ हजार. उच्च-नीच रेषेच्या अवशेषांच्या वर्गांची बेरीज २६ होती, ती येथे १७.५ वर येते, आणि याहून कमी कोणत्याही सरळ रेषेला करता येणार नाही.

स्प्रेडशीटमध्ये हेच काम दोन सूत्रे करतात. तास B स्तंभात आणि खर्च C स्तंभात असल्यास ती अशी लिहावीत:

```
=SLOPE(C2:C7,B2:B7)
=INTERCEPT(C2:C7,B2:B7)
```

खर्चाचा स्तंभ आधी येतो, याकडे लक्ष द्यावे. क्रम उलटला तरी संगणक तक्रार करत नाही. तो तासांवरून खर्च काढण्याऐवजी खर्चावरून तास काढणारी रेषा निमूटपणे देतो.

आता पुढच्या महिन्यात यंत्र ७५० तास चालणार आहे असे समजा. अंदाज १७ हजार अधिक ३३,७५०, म्हणजे ५०,७५०. अंदाजपत्रकात हा आकडा लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, पण जुन्याच महिन्यांचे खर्च रेषेच्या आजूबाजूला साधारण २,१०० च्या अंतराने विखुरलेले आहेत, हे विसरता येत नाही. केवळ सहा नोंदी हाताशी असताना हा विखुरपणा आणि रेषेची स्वतःची अनिश्चितता दोन्ही जमेस धरली, तर ९५ टक्के विश्वासाने सांगता येणारा पट्टा सुमारे ४३,९०० ते ५७,६०० इतका रुंद निघतो. माझ्या मते अंदाजाबरोबर हा पट्टा लिहिणे सक्तीचेच असावे, नाहीतर ५२ हजार खर्च आला की कोणाकडे तरी विनाकारण खुलासा मागितला जातो.

याहून नाजूक प्रकरण त्या १७ हजारांचे आहे. आपल्या सर्व नोंदी ४०० ते ८०० तासांच्या दरम्यान आहेत. स्थिर खर्च मात्र शून्य तासांवरचा आकडा आहे आणि तेथे एकही नोंद नाही. रेषा मागे ताणत नेऊन तो काढलेला आहे. रेषेचा चढ थोडा जरी बदलला, तरी सरासरीच्या बिंदूजवळ अंदाज फारसा हलत नाही, पण शून्यापर्यंत जाता जाता तोच बदल सहापट झालेला असतो. याच सहा नोंदींवरून स्थिर खर्चाचा ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर तो सुमारे ५,७०० पासून २८,३०० पर्यंत जातो. यावरून असे दिसते की एकूण खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतानाही त्याची स्थिर आणि बदलता ही विभागणी बरीच डळमळीत असू शकते. शिवाय यंत्र महिनाभर बंदच राहिले तर व्यवस्थापन तपासणीचा करार स्थगित करील, कदाचित तंत्रज्ञाला दुसरीकडे पाठवील. म्हणजे शून्य तासांचा खरा खर्च १७ हजार असेलच असे नाही. सूत्रातून निघालेल्या या आकड्याला नोंदींच्या पल्ल्यात रेषा योग्य उंचीवर ठेवणारी संख्या मानणे अधिक प्रामाणिक ठरते. वरच्या बाजूलाही तीच गोष्ट आहे. १,२०० तासांसाठी दुसरे यंत्र आणि दुसरा तंत्रज्ञ लागणार असेल, तर खर्च पायरीसारखा एकदम वर जाईल आणि आपल्या रेषेला त्याची गंधवार्ताही नसेल.

विभागणी किती सहज बिघडते हे एका नोंदीवरून पाहता येते. पाचव्या महिन्यातल्या कामाचे १० हजारांचे बिल उशिरा आले आणि सहाव्या महिन्यात नोंदले गेले असे समजा. पाचव्या महिन्याचा खर्च ५५ ऐवजी ४५ आणि सहाव्याचा ४२ ऐवजी ५२ हजार दिसेल. एकूण खर्च तोच, सरासरीही ४४ हजारच. तरीही गुणाकारांची बेरीज ४५ वरून २५ वर येते, ताशी खर्च ४५ वरून २५ होतो आणि स्थिर खर्च १७ वरून थेट २९ हजारांवर जातो. ७५० तासांचा अंदाज मात्र ५०,७५० वरून ४७,७५० वर, म्हणजे फक्त ३ हजारांनी घसरतो. या नव्या आकड्यांवर विसंबून कोणी काम कमी करून खर्च वाचत नाही असा निष्कर्ष काढला, तर तो एका चुकीच्या तारखेच्या आधारावर काढलेला असेल.

ही चूक ओळखता येते. खर्चातल्या चढउतारांपैकी किती हिस्सा तासांवरून समजतो हे सांगणारा निर्धारण गुणांक मूळ नोंदींत ०.९२ होता, तो आता ०.३९ वर कोसळतो. त्याहूनही बोलका पुरावा अवशेष महिन्यांच्या क्रमाने मांडल्यावर मिळतो: पाचव्या महिन्यात उणे ४ आणि लगेच सहाव्यात अधिक ८. लागोपाठच्या दोन महिन्यांत असा विरुद्ध दिशेचा मोठा झोका दिसला की आधी बिलांच्या तारखा उघडून पाहाव्यात. बिल ज्या महिन्यात आले त्यापेक्षा काम ज्या महिन्यात झाले तेथे खर्च लावला की रेषा पुन्हा जागेवर येते.

तारखा अचूक असूनही रेषा फसते असा एक प्रकार देखभालीतच आढळतो. मोठ्या दुरुस्त्या बहुधा कामाचा ताण कमी असलेल्या महिन्यांसाठी राखून ठेवल्या जातात, कारण तेव्हा यंत्र थांबवणे परवडते. अशा आस्थापनेत मासिक नोंदींवर रेषा बसवली, तर ताशी खर्च शून्याजवळ किंवा चक्क उणे निघतो, जणू यंत्र जास्त चालवले की देखभाल स्वस्त होते. येथे गणित चुकलेले नसते; झीज एका महिन्यात होते आणि तिचा खर्च नंतरच्या महिन्यात पडतो, म्हणून महिन्याला महिना जोडणेच गैर ठरते. मोठ्या दुरुस्त्या वेगळ्या काढून उरलेल्या खर्चावर रेषा बसवावी आणि दुरुस्त्यांची रक्कम मागच्या दुरुस्तीपासून चाललेल्या एकूण तासांवर वाटावी, म्हणजे दोन्ही आकड्यांना पुन्हा अर्थ येतो.